क्विनाइन हिवतापाच्या परजीवीला कसं मारतं? हीम, हीमोझॉइन आणि सिंकोनाची साल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्विनाइन नेमकं कुठे घाव घालतं, थोडक्यात सांगाल का?

हिवतापाचा परजीवी आपल्या लाल रक्तपेशीत शिरून तिथलं हिमोग्लोबिन पचवतो. त्यातून हीम नावाचा विषारी पदार्थ सुटतो. परजीवी या हीमचे स्फटिक बनवतो आणि अशा रीतीने ते निरुपद्रवी करतो. क्विनाइन हीमला चिकटतं आणि हे स्फटिक बनू देत नाही. मोकळं राहिलेलं हीम परजीवीच्या आतच साठत जातं आणि शेवटी त्यालाच मारतं. खालचे बहुतेक प्रश्न वरच्या वर्णनातल्या ‘चिकटतं’ आणि ‘बनू देत नाही’ या दोन क्रियांबद्दल आहेत. खरी रंगत तिथेच आहे.

हिमोग्लोबिन पचवण्याची परजीवीला गरज काय? आणि त्यातून किती हीम सुटतं?

त्याला वाढायला अमिनो आम्लं लागतात आणि जागाही लागते. हिमोग्लोबिन पचवलं की दोन्ही मिळतात. आयसोल्युसिन हे अमिनो आम्ल मात्र माणसाच्या प्रौढ हिमोग्लोबिनमध्ये नसतं, ते त्याला रक्तद्रवातून घ्यावं लागतं.

आता हीमचा हिशेब पाहू. एका लाल पेशीत साधारण ३० पिकोग्रॅम हिमोग्लोबिन असतं, म्हणजे सुमारे २८ कोटी रेणू. प्रत्येक रेणूत चार हीम, म्हणजे एका पेशीत ११० कोटींच्या घरात हीम. प्लास्मोडियम फाल्सिपेरम हा सर्वांत घातक प्रकार ४८ तासांच्या चक्रात यातलं निम्म्याहून बरंच जास्त हिमोग्लोबिन फस्त करतो. दोन तृतीयांश धरलं तरी ७० कोटींहून अधिक हीम मोकळं होतं, आणि तेही काही फेम्टोलिटर एवढ्याशा पिशवीत. ते सगळं विरघळलेल्या रूपात राहिलं असतं, तर परजीवी एक चक्रही पुरं करू शकला नसता.

ही पिशवी म्हणजे काय?

तिला पचनपुटिका म्हणतात. परजीवी लाल पेशीचा द्रव घोटाघोटाने आत ओढतो आणि या पुटिकेत आणून ओततो. तिथलं वातावरण आम्लयुक्त असतं, पीएच साधारण ५ ते ५.५. प्लास्मेप्सिन आणि फाल्सिपेन ही विकरं हिमोग्लोबिनचे तुकडे करतात आणि हीम गळून पडतं.

गळून पडताना त्यातल्या लोहाची अवस्था बदलते. हिमोग्लोबिनमध्ये ते फेरस असतं, बाहेर पडल्यावर फेरिक होतं. या बदलात सुटलेला इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे जातो आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे जहाल रेणू तयार होतात. शिवाय हीम स्वतःच स्निग्ध स्वभावाचं असल्यामुळे पेशीच्या पटलांत घुसतं, त्यातल्या मेदाचं ऑक्सिडीकरण घडवतं आणि पटल गळकं करतं. धोका असा दुहेरी आहे.

माणसाच्या पेशी हीम ऑक्सिजनेज या विकराने हीमचं कडं फोडून टाकतात. अंगावर मार बसल्यावर काळानिळा डाग हिरवट-पिवळा होत जातो, तो याच क्रियेमुळे. परजीवीकडे हीम फोडण्याची अशी सोय नाही, म्हणून त्याने स्फटिकाचा मार्ग धरला आहे.

हीमोझॉइन म्हणतात ते हेच का?

हेच. सूक्ष्मदर्शकाखाली परजीवीच्या पोटात दिसणारा तपकिरी-काळा कण म्हणजे हीमोझॉइन. फ्रेंच लष्करी डॉक्टर अल्फॉन्स लाव्हराँ यांना १८८० मध्ये अल्जीरियात हिवतापाचा परजीवी सापडला, तो या काळ्या कणांचा माग काढतानाच. ध्रुवित प्रकाशात हे कण चमकतात, कारण ते खरेखुरे स्फटिक आहेत.

पुष्कळ वर्षं हीमोझॉइन ही हीमची लांब साखळी समजली जाई आणि ती जोडणारं एखादं विकर असेल, असा अंदाज होता. २००० साली क्ष-किरणांच्या साहाय्याने तिची रचना उलगडली आणि चित्र वेगळं निघालं. दोन हीम जोडीने येतात. एकाच्या कडेचा प्रोपिओनेट गट दुसऱ्याच्या लोहाला धरतो आणि दुसऱ्याचा पहिल्याच्या लोहाला. अशा जोड्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरून थरावर थर रचत जातात. ही रचना प्रयोगशाळेत शुद्ध हीमपासून, कोणत्याही विकराशिवाय, जशीच्या तशी बनवता येते. तिला बीटा-हिमॅटिन म्हणतात. परजीवीत या स्फटिकांच्या सुरुवातीला मेद मदत करतो आणि एक प्रथिनही त्यात भाग घेतं, असे पुरावे आहेत. पण क्विनाइनचं काम समजायला एवढं पुरे की निशाण्यावर स्फटिक आहे.

क्विनाइन स्फटिक बनू देत नाही, हे दाखवलं कसं?

मला या विषयातला सर्वांत देखणा प्रयोग हाच वाटतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१९९४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या टिमोथी ईगन आणि सहकाऱ्यांनी परजीवीला बाजूलाच ठेवलं. हीम अल्कलीत विरघळवायचं, मग भरपूर अ‍ॅसिटेट घालून द्रावण आम्लयुक्त, साधारण पीएच ४.५ करायचं आणि ६० अंश सेल्सिअसला ठेवायचं. अर्ध्या-एक तासात तळाशी गाळ बसतो. हा गाळ बीटा-हिमॅटिन आहे की नुसतंच साकळलेलं हीम, हे डोळ्यांना कळत नाही. अवरक्त वर्णपटात मात्र कळतं. लोह आणि प्रोपिओनेट यांचं बंधन झालं असेल, तर १६६० आणि १२१० या तरंगसंख्यांच्या आसपास दोन ठसठशीत शिखरं दिसतात. बंधन नसेल तर ती दिसत नाहीत.

नुसत्या हीममध्ये दोन्ही शिखरं आली. क्विनाइन घातलेल्या नळीत आली नाहीत. क्लोरोक्विन आणि अमोडियाक्विन ही हिवतापाची दुसरी औषधं घातल्यावरही आली नाहीत. आणि ९-एपिक्विनाइन घातलं, तेव्हा शिखरं पुन्हा हजर!

हे एपिक्विनाइन काय आहे? त्याला एवढं महत्त्व का?

एपिक्विनाइनमध्ये क्विनाइनचेच सगळे अणू आहेत, त्याच क्रमाने जोडलेले. फरक फक्त एका कार्बनवर आहे. क्रमांक ९ च्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट क्विनाइनमध्ये ज्या बाजूला असतो, त्याच्या उलट बाजूला तो एपिक्विनाइनमध्ये असतो. बाकी वजन तेच, रेणूतलं क्विनोलिन नावाचं सपाट कडं तेच. तरीही परजीवीवर एपिक्विनाइन जवळपास निकामी आहे आणि नळीतही ते स्फटिक अडवत नाही.

म्हणजे औषध परजीवीला मारतं की नाही आणि ते स्फटिक अडवतं की नाही, या दोन गोष्टी एकत्रच येतात आणि एकत्रच जातात. ‘कुठलाही कडवट अल्कलॉइड हीममध्ये मिसळला की स्फटिक बिघडतोच’ असा आक्षेप कुणी घेतला, तर हा निष्कर्ष त्याला पुरून उरतो.

सिंकोनाच्या सालीत क्विनाइनबरोबरच सापडणारं क्विनिडीन याला दुसऱ्या बाजूने दुजोरा देतं. त्यात ८ आणि ९ या दोन्ही कार्बनांवरची दिशा उलटलेली असते. दोन्ही उलटल्यामुळे त्यांचा आपसातला मेळ क्विनाइनसारखाच राहतो आणि क्विनिडीन परजीवीवर क्विनाइनपेक्षाही जोरकस ठरतं. ते सर्रास वापरलं गेलं नाही, कारण हृदयाच्या ठोक्यांवर त्याचा परिणाम अधिक होतो.

एका गटाची दिशा बदलल्याने एवढं बिघडतं काय?

२०१२ मध्ये क्विनाइन आणि हीम यांच्या संयुगाचा स्फटिक करून त्याची रचना क्ष-किरणांनी पाहण्यात आली. त्यात क्विनाइनने हीमला तीन ठिकाणी धरलेलं दिसतं. पहिली पकड लोहावर. ९ क्रमांकाच्या कार्बनवरचा ऑक्सिजन आपला प्रोटॉन सोडून थेट लोहाला बंध करतो. दुसरी पकड सपाटीची. क्विनोलिनचं सपाट कडं हीमच्या सपाट कड्यालगत येऊन बसतं. तिसरी पकड कडेची. रेणूच्या दुसऱ्या टोकाला, क्विन्यूक्लिडीन नावाच्या भागात एक नायट्रोजन असतो. तो प्रोटॉन घेऊन धनभारित झालेला असतो आणि हीमच्या प्रोपिओनेटशी हायड्रोजन बंध जोडतो.

आता मघाची हीमची जोडी आठवा. ती बनते लोह आणि प्रोपिओनेट यांच्या बंधाने. क्विनाइनने नेमक्या या दोन जागा अडवल्या आहेत. एपिक्विनाइनमध्ये ऑक्सिजनची दिशा बदलल्यामुळे एक पकड बसवायला जावं तर दुसरी सुटते, तिन्ही एकदम साधत नाहीत.

एक खबरदारी घ्यायला हवी. हा स्फटिक प्रयोगशाळेत द्रावकातून मिळवलेला आहे. पुटिकेच्या पाणी आणि मेद असलेल्या वातावरणात क्विनाइन अगदी असंच बसतं, असं या रचनेवरून ठामपणे म्हणता येणार नाही. पण हीमशी जमवून घेण्याची रेणूची क्षमता तिच्यातून स्पष्ट दिसते.

मग औषध एकेका हीमला धरतं की वाढत्या स्फटिकाला?

दोन्ही मार्ग शक्य आहेत, आणि वाढता स्फटिक अडवण्याचा मार्ग जास्त काटकसरीचा आहे. भिंत रचताना गवंडी नवी वीट आधीच्या ओळीच्या टोकालाच लावतो. अशी टोकं मोजकीच असतात. ती अडवली, तर शेकडो विटा तयार असूनही काम थांबतं. स्फटिकाच्या पृष्ठभागावरही वाढ पायऱ्यांच्या कडांवरच होते. क्लोरोक्विनच्या बाबतीत अणुबल सूक्ष्मदर्शकाने हे प्रत्यक्ष पाहिलं गेलं आहे. औषधाचे रेणू पृष्ठभागावर बसतात आणि पायरी पुढे सरकायची थांबते. त्यासाठी प्रत्येक हीमला एक या प्रमाणात औषध लागत नाही. ७० कोटी हीमपुढे औषधाचे थोडे रेणू पुरतात, याचा उलगडा यातून होतो.

हे सगळं नळीतलं झालं. जिवंत परजीवीत हीच गोष्ट घडते याचा पुरावा?

१९९८ मध्ये लिव्हरपूलमधल्या संशोधकांनी उलट दिशेने विचार केला. हीम हेच विष असेल, तर हीम सुटूच दिलं नाही तर औषधाचा जोर कमी व्हायला हवा. त्यांनी प्लास्मेप्सिन रोखणारा पदार्थ वापरून हिमोग्लोबिनचं पचनच मंदावलं. अपेक्षेप्रमाणे क्लोरोक्विन, क्विनाइन आणि त्यांच्या भावंडांचा प्रभाव घटला. एरवी परजीवीला घातक असलेले दोन पदार्थ एकत्र दिले तर मारा वाढायला हवा. इथे एकाने दुसऱ्याचं बळ काढून घेतलं. हीमवाचून क्विनाइन लुळं पडतं, याचा हा भक्कम पुरावा आहे.

क्विनाइन पुटिकेपर्यंत पोहोचतं कसं?

ते सौम्य अल्कधर्मी आहे. भार नसलेला रेणू पटलांतून आरपार जातो. पुटिकेत आम्ल भेटलं की क्विन्यूक्लिडीनचा नायट्रोजन प्रोटॉन घेतो, रेणू भारित होतो आणि त्याला बाहेर पडणं अवघड जातं.

हा सापळा किती मोठा आहे, हे मोजता येतं. बाहेर पीएच ७.४, आत ५.२ आणि नायट्रोजनचा पीकेए, म्हणजे तो प्रोटॉन किती घट्ट धरतो याचं माप, ८.६ धरला, तर आतलं प्रमाण बाहेरच्या सुमारे १५० पट होतं. क्लोरोक्विनला असे दोन नायट्रोजन आहेत, म्हणून त्याच आकडेमोडीत त्याचं प्रमाण २० हजार पटींवर जातं. प्रत्यक्षात हीमला चिकटल्यामुळेही औषध आत ओढलं जातं, त्यामुळे हे आकडे शब्दशः घेऊ नयेत. पण क्लोरोक्विन कमी मात्रेत काम करतं आणि क्विनाइन भरपूर द्यावं लागतं, यामागचं एक मोठं कारण इथे आहे.

औषध सुरू करूनही पहिल्या दिवशी रक्तातले परजीवी वाढले. औषध लागू पडत नाही असं समजायचं का?

लगेच नाही. परजीवी कोवळा, म्हणजे अंगठीच्या अवस्थेत असतो, तेव्हा तो फारसं हिमोग्लोबिन पचवत नाही. त्यामुळे क्विनाइनला पकडायला हीमच कमी असतं. पचनाचा जोर मधल्या, ट्रोफोझॉइट अवस्थेत असतो आणि क्विनाइनही तिथेच सर्वांत प्रभावी ठरतं.

समजा ६० किलो वजनाच्या रुग्णाला गंभीर फाल्सिपेरम हिवताप आहे आणि क्विनाइन शिरेतून द्यायचं ठरलं. नेहमीच्या पद्धतीने पहिली मोठी मात्रा किलोमागे २० मिलिग्रॅम क्षार, म्हणजे १२०० मिलिग्रॅम, चार तासांत हळूहळू सोडतात. पुढे दर ८ तासांनी ६०० मिलिग्रॅम. पहिली मात्रा दुप्पट ठेवतात, कारण रक्तातली पातळी लवकर चढली नाही तर ट्रोफोझॉइटची वेळ निसटते. सुरुवातीला बोटाच्या रक्तात मुख्यतः अंगठ्याच दिसतात. पिकलेले परजीवी तेव्हा अवयवांच्या बारीक रक्तवाहिन्यांना चिकटून बसलेले असतात, स्लाइडवर ते येत नाहीत. ते फुटले की नव्या अंगठ्या रक्तात उतरतात आणि १२ ते २४ तासांनी आकडा चढलेला दिसू शकतो. त्यानंतर मात्र तो उतरायला हवा. तिसऱ्या दिवशीही परजीवी भरपूर असतील, तर मात्रा, पोटातून शोषण किंवा प्रतिरोध यांची चौकशी करावी लागते.

या काळात रक्तातली साखर वारंवार तपासतात. क्विनाइनमुळे स्वादुपिंडातून इन्सुलिन जास्त सुटतं आणि साखर धोकादायक खाली येऊ शकते, विशेषतः गरोदर स्त्रियांत. बेशुद्धीचं कारण मेंदूचा हिवताप समजून साखर तपासायची राहून जाणं, ही इथली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. कानात गुणगुणणं, ऐकू कमी येणं, मळमळ हे त्रास बहुतेकांना होतात आणि औषध थांबल्यावर सहसा जातात.

मग हल्ली आर्टेसुनेट का देतात?

कारण हिवतापाचं हे दुसरं औषध अंगठीच्या अवस्थेलाही मारतं, त्यामुळे परजीवी पिकून रक्तवाहिन्यांना चिकटण्याआधीच संपतात. भारतासह चार आशियाई देशांत झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत गंभीर हिवतापाच्या रुग्णांपैकी क्विनाइन घेतलेले २२ टक्के दगावले, तर आर्टेसुनेट घेतलेले १५ टक्के. आफ्रिकेतल्या मुलांवरच्या २०१० च्या चाचणीनेही हाच कौल दिला. गडचिरोलीसारख्या फाल्सिपेरम जास्त असलेल्या भागात हा फरक जीव वाचवणारा आहे. जिथे आर्टेसुनेट मिळू शकतं, तिथे गंभीर रुग्णाला आधी क्विनाइन देण्याचं समर्थन होऊ शकत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आर्टेसुनेटचा रेणूही हीममधल्या लोहामुळेच फुटून सक्रिय होतो. म्हणजे परजीवीच्या त्याच दुखऱ्या जागेचा दोन्ही औषधं दोन वेगळ्या रीतींनी फायदा घेतात.

इतक्या वर्षांत क्विनाइनला पूर्ण प्रतिरोध का आला नाही?

बहुतेक औषधं परजीवीच्या एखाद्या प्रथिनावर घाव घालतात. त्या प्रथिनाच्या जनुकात एक बदल झाला, तर औषध चिकटेनासं होतं. क्विनाइनचा मुख्य निशाणा हीम आहे आणि हीम आपलं, माणसाचं आहे. परजीवीचं जनुक कितीही बदललं तरी हीमची रचना बदलत नाही.

त्याला एकच वाट उरते, औषध पुटिकेतून बाहेर काढण्याची. क्लोरोक्विनबाबत त्याने तेच केलं. पुटिकेच्या पटलावरच्या पीएफसीआरटी या वाहक प्रथिनात बदल झाले आणि क्लोरोक्विन बाहेर जाऊ लागलं. क्विनाइनवर या बदलांचा परिणाम कमी-जास्त होतो. त्याची संवेदनशीलता पीएफएमडीआर१ सारख्या इतर वाहकांवरही अवलंबून असते. म्हणून त्याचा प्रतिरोध एका फटक्यात न येता हळूहळू आणि अर्धवट दिसतो. ब्राझीलमध्ये त्याच्या तक्रारी १९१० च्या सुमारासच नोंदल्या गेल्या होत्या.

हीमखेरीज क्विनाइनचं दुसरं कुठलंच लक्ष्य नाही का?

आहे. २०१९ मध्ये उष्णतेने प्रथिनं कशी उलगडतात हे पाहण्याच्या पद्धतीने दाखवलं गेलं की क्विनाइन परजीवीच्या प्युरीन न्यूक्लिओसाइड फॉस्फोरिलेज या विकराला घट्ट बसतं. डीएनए बनवण्यासाठी लागणारी प्युरीन परजीवी या विकराच्या मदतीने मिळवतो. पण म्हणून हीमची बाजू खोटी ठरत नाही. एपिक्विनाइनचा निष्कर्ष आणि प्लास्मेप्सिन रोखल्यावर घटलेला प्रभाव हीमकडेच बोट दाखवतात. क्विनाइन एकाहून जास्त ठिकाणी काम करत असेल, तर त्याला प्रतिरोध हळू का येतो याचं आणखी एक कारण मिळतं.

व्हायव्हॅक्सचा ताप क्विनाइनने उतरला, तरी काही महिन्यांनी परत का येतो?

व्हायव्हॅक्स हा हिवतापाच्या परजीवीचा दुसरा प्रकार. त्याचे काही परजीवी यकृताच्या पेशींत सुप्त राहतात. तिथे हिमोग्लोबिन नाही, म्हणून त्याचं पचन नाही, हीम सुटत नाही, आणि क्विनाइनला करण्यासारखं काही नाही. त्यांच्यासाठी प्रायमाक्विनसारखं वेगळं औषध लागतं. ते देण्याआधी जी६पीडी विकराची कमतरता तपासतात, नाहीतर लाल पेशी फुटण्याचा धोका असतो.

सिंकोनाची साल उकळून प्यायली तर चालेल का?

नाही. पेल्तिए आणि काव्हाँतू यांनी १८२० मध्ये पॅरिसला सालीतून क्विनाइन वेगळं काढलं, त्याचा मोठा फायदा हाच झाला की मात्रा मोजता येऊ लागली. साल झाडागणिक, जातीगणिक बदलते. एका सालीत क्विनाइन नगण्य, तर दुसरीत भरपूर असतं. आणि उपयोगी मात्रा व त्रासदायक मात्रा यांत अंतर फार थोडं आहे.

आणि टॉनिक वॉटर?

अमेरिकेत टॉनिक वॉटरमध्ये क्विनाइनची कमाल मर्यादा लिटरमागे ८३ मिलिग्रॅम आहे. प्रौढ रुग्णाला दिवसाला साधारण दीड ग्रॅम क्विनाइन लागतं, म्हणजे रोज १८ लिटर पाणी प्यावं लागेल, तेही सात दिवस. ताप थंडी वाजून येत असेल तर रक्ताची तपासणी त्याच दिवशी करून घ्या.